कॉर्पोरेट ट्रेनरचा परिचय कसा लिहावा: आयोजकाच्या खुर्चीतून

भोसरीतल्या एका कारखान्यात मी बारा वर्षं ट्रेनिंग विभाग सांभाळला आणि आमच्या भागातल्या उद्योजक संघटनेच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन त्याहून जास्त वर्षं केलं. त्यामुळे ट्रेनर लोकांचे परिचय मी दोन्ही बाजूंनी हाताळले आहेत: टेबलावर बसून निवडताना आणि माइकसमोर उभी राहून वाचताना. दुसरं काम जास्त शिकवतं. तीन वर्षांपूर्वी एका पाहुण्यांचा परिचय मी व्यासपीठावरून वाचत होते. चार पानांचा होता. दुसऱ्या पानावर 'लाइफ कोच, माइंड ट्रेनर, लेखक, कवी, समुपदेशक' इथवर आले आणि समोरच्या रांगेतले एक उद्योजक घड्याळ बघू लागले. पाहुणे स्वतःच्या खुर्चीत अवघडून बसले होते. पुढचे ४५ मिनिटं ते इतकं सुंदर बोलले की लोक उठायला तयार नव्हते. तो कागद मात्र त्या माणसाचा नव्हताच.

नंतर त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, यात काय चुकलं?" मग आम्ही दोन शनिवार बसून तो सगळा नव्याने लिहिला. नवीन ट्रेनरला उपयोगी पडावं म्हणून तेच काम इथे टप्प्याटप्प्याने मांडते आहे. त्यांचं नाव सांगत नाही, श्री. अ. ब. क. म्हणू.

आधी वाचणारे कोण ते बघा

तुमचा परिचय एकच माणूस वाचत नाही. पहिली असते माझ्यासारखी कोणीतरी, जिला पुढच्या महिन्यात सुपरवायझरांची बॅच घ्यायची आहे आणि मेलमध्ये सहा ट्रेनरांच्या फाइली पडल्या आहेत. ती प्रत्येक फाइलला अर्धा मिनिट देते. तिला दोनच गोष्टी हव्या असतात: हा माणूस माझ्या लोकांना काय शिकवतो, आणि माझ्या लोकांसमोर तो टिकेल का.

दुसरे तिचे साहेब. ते फाइल उघडत नाहीत. ती जे तीन-चार ओळींत लिहून पाठवते त्यावर ते होकार देतात. त्या ओळी तिने स्वतः रचाव्यात अशी अपेक्षा ठेवू नका, तिला उचलून चिकटवता येतील अशा द्या.

तिसरा असतो सूत्रसंचालक, ज्याला कागद बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी मिळतो. आणि कारखान्यांत एक चौथा वाचकही असतो, ज्याचा विचार जवळपास कोणी करत नाही, तो म्हणजे ऑडिटर. गुणवत्ता प्रमाणपत्र असलेल्या कंपनीला प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकात तर अंतर्गत ऑडिटर घडवणाऱ्या ट्रेनरच्या पात्रतेचीही नोंद मागितली आहे. म्हणून बऱ्याच कंपन्या हजेरीपटाला ट्रेनरचा परिचय जोडून ठेवतात. ऑडिटरला तुमची कविता नको असते. हा विषय शिकवायला हा माणूस पात्र कशावरून, एवढं त्याला कागदावर दिसलं पाहिजे.

हे चार जण लक्षात घेतले की एकाच लांबलचक परिचयाने काम भागणार नाही हे कळतं. अ. ब. क. सरांसाठी आम्ही चार तुकडे केले: पन्नास शब्दांचा छोटा परिचय, व्यासपीठावर वाचायचा परिचय, विषयांचं एक पान आणि व्यवस्थेचं अर्धं पान.

पहिली ओळ: कोणाला, काय

त्यांच्या जुन्या परिचयाची सुरुवात अशी होती:

"आंतरराष्ट्रीय ख्यातीचे प्रेरणादायी वक्ते, लाइफ कोच व कॉर्पोरेट ट्रेनर श्री. अ. ब. क. हे गेली अनेक वर्षे विविध क्षेत्रांत कार्यरत असून त्यांनी पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या आयुष्यात परिवर्तन घडवले आहे."

मी विचारलं, आंतरराष्ट्रीय कसं? दुबईतल्या एका ओळखीच्या माणसाच्या मंडळासाठी त्यांनी एकदा ऑनलाइन भाषण केलं होतं. विविध क्षेत्रं म्हणजे? थोडं अडखळून ते म्हणाले, "तसं म्हणाल तर प्रेस शॉप." मग त्यांनी सहज सांगितलं की २००२ साली ते पॉवर प्रेसवर ऑपरेटर म्हणून लागले, २०१० मध्ये सुपरवायझर झाले आणि २०२१ मध्ये उत्पादन व्यवस्थापक असताना नोकरी सोडली. ऑपरेटर ते व्यवस्थापक, सगळं त्याच भोसरी-चाकण पट्ट्यात. माझ्यासारखीला हवी असलेली एकमेव गोष्ट त्या चार पानांत कुठेच नव्हती! ऑपरेटर होतो हे लिहायला त्यांना कमीपणा वाटत होता. पण नव्या सुपरवायझरांच्या बॅचसमोर उभं राहायला याहून मोठं ओळखपत्र नाही. व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेल्या ट्रेनरला ही पोरं पहिल्या चहापर्यंत जोखून घेतात, हे मी पाहिलं आहे.

पहिली ओळ लिहायची रीत सोपी आहे. 'कोणाला' आणि 'काय' ही दोन उत्तरं त्या ओळीत आली पाहिजेत, आणि 'कशाच्या बळावर' हे लगेच दुसऱ्या ओळीत. विशेषणं सगळी काढायची. आम्ही शेवटी लिहिलेला छोटा परिचय असा:

"श्री. अ. ब. क. कारखान्यात नव्याने सुपरवायझर झालेल्यांना प्रशिक्षण देतात. २००२ ते २०२१ या काळात भोसरी-चाकण पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये त्यांनी ऑपरेटरपासून उत्पादन व्यवस्थापकापर्यंत काम केलं. पाळी बदलतानाचा निरोप, गैरहजेरी आणि जुन्या सोबत्यांकडून काम करून घेणं या विषयांवर ते मराठीत व हिंदीत कार्यशाळा घेतात."

हा मजकूर पत्रिकेवर बसतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या निमंत्रणात बसतो आणि साहेबांच्या मेलमध्येही बसतो. 'एकोणीस वर्षांचा अनुभव' असं न लिहिता सालं लिहिली आहेत. वर्षांचा आकडा दर वर्षी शिळा होतो, सालं होत नाहीत. शिवाय ऑडिटरला आणि चौकस एचआरला सालं तपासता येतात.

बळ कुठून येतं ते विषयावर ठरतं, हे मात्र लक्षात ठेवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकवणाऱ्या बाईंनी दुसऱ्या ओळीत नोकरीचा इतिहास लिहून उपयोग नाही. त्या किती कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून काम करतात, तक्रारी प्रत्यक्ष हाताळल्या आहेत का, हे तिथे बघितलं जातं. एक्सेल शिकवणाऱ्याने स्वतः कोणत्या प्रकारचे रिपोर्ट बनवले ते सांगावं.

परिचय 'मी' म्हणून लिहू नका, 'ते' किंवा 'त्या' म्हणून लिहा, म्हणजे आयोजकाला काही न बदलता वापरता येतो. यात एक फायदा लपलेला आहे. किरण नावाच्या एका ट्रेनर बाईंना आमच्याकडच्या पत्रिकेत 'श्री. किरण' छापून गेलं, कारण त्यांनी पाठवलेल्या इंग्रजी परिचयात नावाशिवाय काहीच नव्हतं. मराठी परिचयात 'त्या' असतं तर ते घडलं नसतं. नाव देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्हीत स्वतः लिहून द्या. नाहीतर प्रमाणपत्रावर आणि बॅनरवर तुमच्या आडनावाचं स्पेलिंग छापखाना ठरवतो.

आकडे: मांडता येतील तेवढेच

आता त्या पन्नास हजारांकडे येऊ. मी कागदावर साधा हिशोब मांडला. त्यांची बॅच सरासरी २४ जणांची. पन्नास हजारांना चोवीसने भागलं तर दोन हजारांच्या वर बॅचेस होतात. आठवड्याला चार बॅचेस, वर्षाला दोनशे, असा धडाका लावला तरी दहा वर्षं लागतात. ते तेव्हा तीन वर्षं या कामात होते. आकडा आला कुठून? एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातली गर्दी आणि एका व्हिडिओचे व्ह्यूज, दोन्ही त्यात मिळवलेले होते.

हा हिशोब एचआरची कोणीही व्यक्ती डोक्यात करते. तोंडावर कोणी बोलत नाही, फाइल बाजूला जाते एवढंच.

त्यांच्याकडे एक डायरी होती. तारीख, कंपनी, विषय, हजेरी, असं सगळं त्यांनी नेमाने लिहिलेलं. (सुपरवायझरची सवय, दुसरं काय!) ती मोजली: ५६ बॅचेस, १,३२७ माणसं. म्हणून परिचयात आलं, 'आतापर्यंत तेराशेच्या वर सुपरवायझर.' हा आकडा लहान आहे, पण ज्या माणसाला कारखाना माहीत आहे त्याला तो खरा वाटतो, आणि कोणी विचारलंच तर डायरी दाखवता येते. तुमची अशी डायरी नसेल तर आजपासून सुरू करा. अगदी पाच बॅचेस झाल्या असतील तर 'पाच बॅचेस' लिहा आणि एखादी बॅच कशी होती ते दोन वाक्यांत सांगा.

दुसरा आकडा असतो अभिप्रायाचा. '५ पैकी ४.८' असं जवळजवळ प्रत्येक परिचयात दिसतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पायऱ्यांवर बघायची पद्धत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडली आणि एचआरचे लोक अजूनही तीच भाषा बोलतात: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि त्याचा कामाच्या निकालावर परिणाम झाला का. ४.८ ही पहिली पायरी. त्या दिवशी जेवण चांगलं असलं तरी ती वर जाते, हे मी हसत नाही, गंभीरपणे सांगते आहे.

तिसऱ्या पायरीवरची एकच गोष्ट परिचयात असली तरी पुरे. अ. ब. क. सर एका कारखान्यात कार्यशाळेनंतर दोन महिन्यांनी स्वतःहून चक्कर मारून आले होते. त्यांनी शिकवलेला पाळी-निरोपाचा फॉर्म २२ पैकी १५ जण वापरत होते. उरलेले सात रात्रपाळीचे होते आणि रात्री फॉर्मची छापील प्रत ठेवणारं कोणी नव्हतं. हे त्यांना सांगण्यासारखं वाटत नव्हतं, कारण "सात जण वापरत नव्हते ना." मी ते जसंच्या तसं लिहायला लावलं. आयोजकाला त्यातून तीन गोष्टी कळतात: हा माणूस नंतर बघायला येतो, नेमकं मोजतो आणि खोटं बोलत नाही.

कंपन्यांची नावं आणि पदव्या

लोगोंनी भरलेलं पान सगळ्यांना आवडतं. पण तिथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र टाकल्या जातात: जिथे तुम्ही नोकरी केलीत, जिथे तुम्ही प्रशिक्षण दिलंत आणि जिथल्या चार लोकांनी तुमच्या खुल्या कार्यक्रमाला हजेरी लावली. हे वेगळं करून लिहा. लोगो वापरायला कंपनीची परवानगी लागते आणि अनेक कंपन्यांच्या करारात नाव जाहीर न करण्याची अट असते. परवानगी नसेल तर 'चाकणमधली वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, सुमारे ४०० कामगार' असं लिहिलं तरी चालतं. मला तर ते लोगोपेक्षा उपयोगी वाटतं, कारण तो कारखाना माझ्यासारखाच आहे की नाही हे त्यावरून कळतं.

प्रमाणपत्रांचंही तसंच. आयसीएफ या संस्थेचं कोचिंगचं मानांकन तीन पातळ्यांवर मिळतं: एसीसी, पीसीसी आणि एमसीसी. त्यासाठी कोचिंगचे अनुक्रमे किमान १००, ५०० आणि २,५०० तास लागतात. केवळ त्या संस्थेची मान्यता असलेला कोर्स केला असेल तर 'आयसीएफ सर्टिफाइड कोच' म्हणू नका, 'कोर्स पूर्ण केला' म्हणा. जाणकार एचआर पहिला प्रश्न 'कोणती पातळी?' असाच विचारते. टेडेक्सच्या मंचावर बोलला असाल तर 'टेडेक्स' लिहा, 'टेड' नव्हे. टेडेक्सचे कार्यक्रम स्थानिक मंडळी परवाना घेऊन स्वतंत्रपणे भरवतात. तीन दिवसांचा व्यवस्थापन-कार्यक्रम करून त्या संस्थेचे माजी विद्यार्थी म्हणवून घेणंही टाळा. ज्या खोलीत तुम्ही बोलणार त्या खोलीत तिथून दोन वर्षं शिकून आलेला कोणी तरी बसलेला असतोच.

विषयांचं पान

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सरांच्या जुन्या कागदावर ३४ विषय होते. नेतृत्व, वेळेचं व्यवस्थापन, ताणतणाव, सुखी संसार, ध्येयनिश्चिती, गुंतवणूक. चौतीस विषय बघून आयोजकाला वाटतं की याला एकही नीट येत नसणार. आम्ही तीन ठेवले.

'नेतृत्वकौशल्य' या नावाने कोणी बोलावत नाही, कारण साहेबांना त्याचं काम काय ते सांगता येत नाही. साहेबांना गेल्या महिन्यात काय खुपलं, त्या भाषेत विषयाचं नाव असावं. प्रत्येक विषयाखाली कोणासाठी, किती वेळ, किती माणसं, शेवटी त्यांच्या हातात काय येईल आणि कंपनीने आधी काय करायचं, एवढं सांगा. एक नमुना देते:

"पाळी बदलताना: दहा मिनिटांचा निरोप. सुपरवायझर आणि लाइन लीडर यांच्यासाठी. चार तास, जास्तीत जास्त २४ जण. प्रत्येक जण स्वतःच्या लाइनचा एक पानी निरोपाचा फॉर्म तयार करून जातो आणि जोडीदारासोबत त्यावर दोनदा सराव करतो. येताना प्रत्येकाने मागच्या तीन दिवसांची लॉगबुक सोबत आणावी. टेबलं सहा-सहा जणांच्या गटात मांडलेली हवीत. पाऊण तासाचं व्याख्यानही देता येतं. त्यात निरोप कुठे तुटतो याची उदाहरणं येतात, फॉर्म तयार होत नाही."

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम आहेत. रोटरी क्लब किंवा उद्योजक संघटना संध्याकाळी पाऊण तास देते, कंपनी अर्धा दिवस देते. नवखा ट्रेनर दोघांनाही 'हो, होईल' म्हणतो आणि चार तासांचा ऐवज पाऊण तासात कोंबतो. पाऊण तासात काय होणार नाही हे आधीच लिहिलं असलं की आयोजक स्वतःच ठरवतो, आणि कित्येकदा पाऊण तास ऐकून त्यातलाच एखादा उद्योजक अर्ध्या दिवसासाठी बोलावतो.

माणसांचा आकडाही असाच ठाम ठेवा. चोवीसची मर्यादा लिहिलेली असताना कंपनीने साठ जण बसवायचे म्हटलं, तर बोलणी करायला कागद हाताशी असतो. आणि कारखान्यात पाळीतून एका वेळी चोवीस जण सोडणंही सोपं नसतं. म्हणून 'दोन दिवस, दोन-दोन तास' असा पर्याय चालत असेल तर तोही लिहून ठेवा. आमच्याकडे कित्येक वेळा त्या एका ओळीवर ट्रेनर निवडला गेला आहे.

व्यासपीठावर वाचायचा परिचय

हा छोट्या परिचयाचा ताणलेला अवतार नाही. तो डोळ्यांनी नाही, कानांनी ऐकला जातो. निवांत वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात. एक मिनिटाच्या पुढे जाऊ देऊ नका. पदव्या, सालांची यादी, संक्षेप इथे नकोत. एक प्रसंग, एक पुरावा आणि नाव. नाव शेवटी, कारण नाव उच्चारलं की टाळ्या सुरू होतात. नाव सुरुवातीला आलं तर टाळ्या कधी वाजवायच्या ते कोणाला कळत नाही आणि पाहुणे अर्धवट उठून पुन्हा बसतात.

"आज जे आपल्याशी बोलणार आहेत ते एकेकाळी तुमच्याच जागी उभे होते. भोसरीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर म्हणून ते कामाला लागले. आठ वर्षांनी एका सोमवारी त्यांना सुपरवायझर केलं, आणि शनिवारी ज्या सहा जणांबरोबर डबा खाल्ला होता त्यांनाच काम सांगायची वेळ आली. ते आधी कसं फसलं आणि मग कसं जमलं, हे ते सांगणार आहेत. पुढे ते उत्पादन व्यवस्थापक झाले. गेली काही वर्षं ते फक्त नव्या सुपरवायझरांना शिकवतात, आतापर्यंत तेराशेच्या वर. बोलता बोलता ते प्रश्न विचारतात, तेव्हा तयार राहा. स्वागत करू या, श्री. अ. ब. क."

हे मोठ्या अक्षरात, एका पानावर, वाक्यागणिक ओळ सोडून छापा आणि एक प्रत खिशात घेऊन जा. सूत्रसंचालकाकडे मेलवरचा कागद पोचलेला नसतो, हे गृहीत धरूनच निघा. लिहिल्यावर शेजारच्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल ते वाक्य तोडा. आमच्या पहिल्या खर्ड्यात 'उत्पादकतावृद्धी' होतं. सरांच्या दहावीतल्या मुलीची जीभ त्यावर दोनदा घसरली, आणि शब्द गेला.

व्यवस्था आणि पैसे

या अर्ध्या पानात भाषा, कुठून प्रवास करणार, प्रोजेक्टर किंवा माइक लागतो का, आणि संपर्काचा एकच फोन क्रमांक व एकच मेल. तीन क्रमांक दिले की आयोजक चुकीच्याच क्रमांकावर फोन करतो.

पैशांबद्दल लोक संकोचतात. आपल्याकडे 'मानधन' आणि 'फी' असे दोन वेगळे व्यवहार आहेत, ते मिसळू नका. व्याख्यानमाला, महिला मंडळ, क्लब यांच्याकडे मानधन असतं, पाकिटात असतं आणि कधी फक्त शाल-श्रीफळ असतं. कंपनीकडे फी असते, तिला बिल लागतं. परिचयात रक्कम छापू नका, ती मागणी आल्यावर वेगळ्या कागदावर द्या. पण परिचयात एवढं जरूर लिहा: फी अर्ध्या दिवसाची की माणशी, प्रवासखर्च वेगळा की धरून, आणि जीएसटी लागतो का. शेवटच्या मुद्द्यावर हमखास गोंधळ होतो. तुम्ही २५,००० म्हणालात, तुमची जीएसटी नोंदणी आहे आणि बिल १८ टक्क्यांसह २९,५०० चं आलं, तर मॅडमला साहेबांकडे पुन्हा मंजुरी मागायला जावं लागतं. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी बंधनकारक नाही. नोंदणी नसेल तर 'जीएसटी लागू नाही' असं सरळ लिहा. कंपनी टीडीएस कापून पैसे देणार हेही धरून चाला.

पॅन, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र ही कागदपत्रं कंपनी विक्रेता म्हणून नोंदणी करताना मागते. ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये तयार ठेवा, परिचयाच्या फाइलमध्ये घालू नका. ती फाइल दहा ग्रुपांवर फिरते.

फोटो आणि फाइल

हातात माइक, मागे अर्धवट बॅनर, असा फोटो नको. साध्या भिंतीसमोर खांद्यापर्यंतचा, डोळे कॅमेऱ्याकडे. मूळ फाइल द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बॅनरवर चेहरा फुटतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मजकूर चित्राच्या रूपात पाठवू नका. रंगीत, देखणं जेपीजी कार्ड येतं आणि आयोजकाला त्यातला एक शब्दही कॉपी करता येत नाही, मग ती घाईत टाइप करते आणि चुका होतात. मराठीत आणखी एक खड्डा आहे. छापखान्यातल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बसवलेली पीडीएफ डोळ्यांना छान दिसते, पण कॉपी करून मेलमध्ये चिकटवली की भलतीच अक्षरं उमटतात. तपासायची रीत सोपी: पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मराठी दिसलं तर ठीक. नाहीतर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या आणि पीडीएफसोबत वर्डची फाइलही द्या.

फाइलच्या नावात तुमचं नाव आणि साल हवं, उदाहरणार्थ `ABK-Supervisor-Training-2025.pdf`. माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये एके काळी `Profile final new.pdf` नावाच्या नऊ फाइली होत्या आणि त्यातले दोन ट्रेनर मी नंतर शोधूनही मला सापडले नाहीत.

फाइलच्या तळाशी बारीक अक्षरात 'अद्ययावत: जानेवारी २०२५' असं लिहा आणि दर जानेवारीत डायरी मोजून आकडा बदला. जानेवारीच का, तर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि ८ मार्चला महिला दिन असतो, आणि त्यासाठी वक्ते शोधणारे फोन फेब्रुवारीत सुरू होतात. त्याच सुमारास बऱ्याच कंपन्यांत एप्रिलपासूनचं ट्रेनिंग कॅलेंडरही भरायला घेतात. अ. ब. क. सरांनी नवी फाइल पाठवली ती १८ जानेवारीला. पहिला फोन फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चाकणहून आला. समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "सर, ते दोन दिवस दोन-दोन तासवालं आमच्याकडे जमेल का?"